चंपाषष्ठी : परराज्यात घट कधी बसवावा?

फौजेच्या नोकरीत उत्तरेत असताना खंडोबाच्या षड्‌रात्राची तिथी मी तिथल्याच पंचांगात बघत असे. त्यात एक मेख आहे. उत्तरेतला मार्गशीर्ष वद्य पक्षाने, म्हणजे आपल्याहून पंधरवडाभर आधी लागतो. म्हणून नुसते ‘मार्गशीर्ष, प्रतिपदा’ वाचून घट बसवू नका. अमावास्येनंतरची शुद्ध प्रतिपदा धरा. खूण सोपी आहे: उपवासाच्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर वाढताना दिसते.

षष्ठीला वांग्याचे भरीत, रोडगे आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य. चातुर्मासात सोडलेले कांदा-वांगे अनेक घरांत या दिवसापासून पुन्हा खातात. मग ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी ठेवून पाच जणांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तळी उचलायची, भंडारा कपाळी लावायचा आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचे.