माणसं निवडली कशावरून?

पुढच्या चारही प्रश्नांना पर्याय तेच आहेत: (अ) कोहॉर्ट, (ब) केस-कंट्रोल, (क) क्रॉस-सेक्शनल. प्रत्येक वेळी आधी एवढंच पाहा: माणसं निवडताना संशोधकाने काय पाहिलं? आजार, सवय, की दोन्हींपैकी काहीच नाही?

प्रश्न 1. लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण आणि त्याच वयोगटांतले, पण इतर आजारांनी दाखल झालेले 709 रुग्ण यांना धूम्रपानाविषयी विचारलं.

उत्तर ब. निवड आजारावरून झाली, सवय नंतर विचारली. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा हा अभ्यास 1950 सालचा. कर्करोगाच्या 649 पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त 2 होते, तुलनेच्या 649 पुरुषांत 27. मात्र धूम्रपान करणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना कर्करोग होतो, हे यातून काढता येत नाही. कारण आजारी आणि इतर यांचं निम्मं-निम्मं प्रमाण संशोधकांनीच ठरवलं होतं. म्हणून इथे ऑड्स रेशो काढतात: (647 × 27) ÷ (2 × 622), म्हणजे सुमारे 14.

प्रश्न 2. 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाबद्दल पत्रं पाठवली. उत्तर देणाऱ्यांपैकी पुढे कोण कशाने मरण पावलं, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली.

उत्तर अ. हेही डॉल आणि हिल यांचंच काम. सवयीची नोंद आधी झाली, मृत्यूची नंतर. त्यामुळे इथे धोका थेट मोजता येतो.

प्रश्न 3. गावातली घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. एकाच भेटीत प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला आणि तंबाखूबद्दलही विचारलं.

उत्तर क. आजार आणि सवय एकाच वेळी पाहिली, त्यामुळे आधी काय आलं हे कळत नाही. रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तंबाखू सोडलेला माणूस इथे ‘तंबाखू न खाणारा, पण रक्तदाब जास्त’ असा नोंदला जातो.

प्रश्न 4. एका गिरणीच्या 1990 च्या हजेरीपटातून कापसाच्या धुळीत काम करणारे आणि कार्यालयात बसणारे असे दोन गट केले. 2020 पर्यंतच्या दवाखान्याच्या नोंदींतून कोणाला श्वसनविकार झाला ते पाहिलं.

इथे बहुतेकांचा हात ‘ब’कडे जातो, कारण सगळं जुन्या कागदांवरून चाललंय. उत्तर मात्र अ आहे. गट पाडले ते धुळीवरून. आजार त्यानंतरचा, मग तो संशोधकाने आज वाचला म्हणून काय झालं? याला मागून बांधलेला कोहॉर्ट म्हणता येईल. याच गिरणीतले श्वसनविकाराचे रुग्ण आणि विकार नसलेले कामगार आधी वेगळे काढून मग त्यांचा विभाग हजेरीपटात शोधला असता, तर कागद तेच राहिले असते आणि उत्तर ब झालं असतं.