मधलं बटण चालतं, आवाजाची मात्र नाही

आयफोनसाठीचा वायरवाला इअरफोन अँड्रॉइड फोनला लावला, की मधल्या बटणाने गाणं थांबतं; आवाजाची बटणं मात्र ढिम्म. हा बिघाड नसतो. मधलं बटण माइकची तार थेट ग्राउंडला जोडतं. ही खूण दोन्हीकडे कळते. आवाजासाठी अँड्रॉइड फोन त्याच तारेवरचा रोध मोजतो: वाढवायला 240 ओहम, कमी करायला 470. ॲपलच्या रिमोटमधली चिप मात्र वेगळाच संकेत पाठवते.

पूर्वी नीट चालणारी बटणं अचानक भलतंच करू लागली, तर घामाच्या ओलीने रोध बदललेला असू शकतो. इअरफोन त्याच प्रकारच्या दुसऱ्या फोनला लावून पाहा. तिथेही तेच घडलं, तर दोष रिमोटचा.