ऋषीची भाजी, भोपळ्याच्या बिया आणि सकाळचं पोट

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आदल्या संध्याकाळपासूनच घोडपदेव-भायखळ्याच्या भाजीवाल्यांकडे ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. अळूची पानं, देठी माठ, लाल माठाची जुडी, पडवळ, शिराळं, भेंडी, सुरणाचा तुकडा, मक्याचं कणीस आणि लाल भोपळ्याची फाक. ही फाक कापून देताना भाजीवाला मधला तंतूदार गर आणि त्यात अडकलेल्या बिया खरवडून बाजूला टाकतो. गिऱ्हाईकही काही म्हणत नाही. पण त्या सगळ्या वाट्यात तोळ्यामासाने तोलून मॅग्नेशियम पाहिलं, तर सर्वांत जास्त त्या फेकलेल्या बियांमध्येच निघेल.

सध्या बद्धकोष्ठावर उपाय विचारला की कोणीही मॅग्नेशियमचं नाव घेतं. भोपळ्याच्या बिया, बदाम, पालेभाज्या खा, पोट साफ होईल. सल्ला चांगलाच आहे, पण त्यामागचं कारण जे सांगतात ते अर्धंच खरं आहे.

आधी मॅग्नेशियम आतड्यात करतं काय ते पाहू. आपण खाल्लेल्या मॅग्नेशियमपैकी साधारण तिसरा हिस्सा, फार तर थोडा जास्त, रक्तात शोषला जातो. उरलेलं आतड्यातच राहतं. तिथे ते पाणी धरून ठेवतं, मोठ्या आतड्याला सगळं पाणी ओढून घेऊ देत नाही. मळ ओला राहिला की तो मऊ होतो, त्याचं आकारमान वाढतं आणि आतड्याच्या भिंतीवर ताण आला की आतडं त्याला पुढे ढकलतं. जुन्या मुंबईकरांच्या घरात कपाटावर निळ्या बाटलीत पांढरं, दुधासारखं दाट औषध असायचं, ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया नेमकं याच तत्त्वावर चालतं. चार्ल्स फिलिप्स या औषध बनवणाऱ्याने त्याचं पेटंट 1873 मध्ये घेतलं. जपानमध्ये आजही बद्धकोष्ठासाठी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात.

आता हिशेब मांडू. मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे 30 मिलिलिटरमध्ये, शुद्ध मॅग्नेशियम जवळजवळ 1000 मिलिग्रॅम असतं आणि ते पोटात एकदमच जातं. सोललेल्या भोपळ्याच्या बियांत 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, बदामात पावणेतीनशे, पालकात ऐंशी. म्हणजे त्या दोन चमच्यांची बरोबरी करायला पावणेदोनशे ग्रॅम बिया, पावणेचारशे ग्रॅम बदाम किंवा सव्वा किलो पालक एका बैठकीत संपवावा लागेल. तसं कोणी करत नाही, करूही नये. तेव्हा बिया खाल्ल्या आणि तासाभरात पोट साफ झालं असं कोणी सांगितलं, तर त्याचं श्रेय बहुधा सकाळच्या गरम चहाचं. चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं आपोआप हलू लागतं, ती शरीराची नैसर्गिक सवय आहे.

मग या पदार्थांचा उपयोग होतो तो कसा? जपानमध्ये अठरा ते वीस वर्षांच्या जवळजवळ चार हजार मुलींच्या आहाराची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या जेवणात मॅग्नेशियम कमी आणि अन्नातूनच मिळणारं पाणी कमी, त्यांच्यात बद्धकोष्ठ जास्त आढळलं. अशा पाहणीतून एकामुळेच दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण हे दोन घटक एकत्र का आले, याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. ज्या ताटात मॅग्नेशियम असतं त्याच ताटात पाला, कोंडा, डाळी, रसभाजी असते. तंतू, पाणी आणि मॅग्नेशियम एकाच घासात येतात आणि मळ मऊ ठेवण्याचं काम तिघं मिळून करतात. एकट्या मॅग्नेशियमला तेवढ्या मात्रेत ते जमलं नसतं.

ऋषीच्या भाजीकडे परत येऊ, कारण ती या तिघांची उत्तम जुळणी आहे. तिला तेलाची फोडणी नसते, किंवा नाममात्र असते. भाज्या अंगच्या पाण्यात शिजतात आणि जे पाणी सुटतं ते भाजीतच राहतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतलं, तर मॅग्नेशियमचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून जातो. हॉटेलात पालक पनीरसाठी पालक असाच उकडून पिळून घेतात. आपलं अळूचं फदफदं, ताकातला पालक, माठाची पातळ भाजी यांत असं काही वाया जात नाही.

चिंचेचा कोळ घातला की अळूचा हिरवा रंग उतरून तो मेंदीसारखा होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेलं असतं. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. आंबटाची गाठ पडली की तो तिथून सुटतो आणि रंग बदलतो. सुटलेलं मॅग्नेशियम मात्र कुठे जात नाही, रश्श्यातच उतरतं. त्यामुळे काळपट झालेल्या भाजीतलं सत्त्व गेलं, ही समजूत निदान मॅग्नेशियमच्या बाबतीत खरी नाही.

पालक आणि अळू यांत ऑक्झलेट भरपूर असतं. ते मॅग्नेशियमला धरून ठेवतं आणि शोषण कमी होतं. हाडांच्या-स्नायूंच्या दृष्टीने हा तोटा, पण पोटाला त्याचा फारसा त्रास नाही, कारण न शोषलेलं आतड्यात राहतं. ज्यांना मूतखड्याचा इतिहास आहे त्यांनी मात्र रोज पालक-अळू खाऊ नये, मेथी बरी.

आता त्या फेकलेल्या बिया. गर बोटांनी सोडवून बिया पाण्यात चोळून धुवायच्या, चाळणीत निथळून एक-दोन दिवस उन्हात किंवा पंख्याखाली कोरड्या करायच्या आणि कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत परतायच्या. जास्त भाजल्या तर कडवट होतात. या सालीसकट खायच्या की सोलून? सालीसकट बियांत तंतू जवळजवळ तिप्पट, पण वजनाला मॅग्नेशियम निम्मं. साल नुसतीच कडक लाकडी असते. थोड्या, नीट चावून खाल्ल्या तर चालतात. पण टीव्हीसमोर बसून वाटीभर सालीसकट बिया गिळल्या, पाणीही कमी प्यायलं, तर त्या सालींचा गोळा गुदाशयात अडकून बसतो. अशी प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत आणि गोळा हाताने काढावा लागतो. बद्धकोष्ठावरचा उपायच बद्धकोष्ठ करतो तो असा. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना सोललेल्या बियाच द्याव्यात, त्याही कुटून. शेंगदाण्याच्या कुटाऐवजी भाजीत घातल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

बदामाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. रात्री भिजवून सकाळी साल काढून खाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. साल काढली की तंतूचा काही भाग जातो, पोटासाठी सालीसकट खाल्लेला बरा. दहा बदामांत मॅग्नेशियम जेमतेम 30 मिलिग्रॅम आणि तंतू दीड ग्रॅम. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अख्खे बदाम खाणाऱ्यांना आठवड्यातून सरासरी दीड वेळा जास्त शौचाला झालं, पण त्यांनी रोज 56 ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास बदाम खाल्ले होते. आजच्या भावात तेवढे बदाम रोज कोण खाणार? घोडपदेवच्या घरात पोटासाठीच पैसे खर्च करायचे असतील, तर ते माठाच्या दोन जुड्यांवर करावेत असं माझं मत आहे.

एक नमुन्याचं ताट घेऊ. साठी ओलांडलेले एक गृहस्थ समजा, सकाळी चहाबरोबर दोन पाव, दुपारी बाहेर वडापाव, रात्री वरणभात आणि दोन चपात्या. यात दिवसाचं मॅग्नेशियम ढोबळमानाने दोनशेच्या आतबाहेर भरतं. प्रौढाची गरज वय आणि लिंग पाहून तीनशे ते साडेचारशेच्या दरम्यान असते. सगळ्यात मोठी खोट पावात आहे. गहू दळून कोंडा काढून टाकला की त्यातलं बहुतेक मॅग्नेशियमही जातं. मैद्यात ते चक्कीच्या पिठाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढंच उरतं. आता सकाळच्या पावाऐवजी एक ज्वारीची भाकरी, रात्री 100 ग्रॅम पाल्याची पातळ भाजी आणि दिवसभरात दोन मोठे चमचे सोललेल्या बिया, एवढंच बदललं, तर अडीचशेच्या आसपास मॅग्नेशियम वाढतं. तंतू वाढतात, भाजीतलं पाणीही वाढतं. गिरणगावात एके काळी डब्यात भाकरीच असायची. पाव आपण मागाहून आणला.

हे बदल एका दिवसात करू नयेत. तंतू एकदम वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं तर पोट फुगतं, वारा धरतो आणि माणूस दोन दिवसांत कंटाळून सोडून देतो. पहिल्या आठवड्यात फक्त भाजी, दुसऱ्यात भाकरी, मग बिया, आणि बरोबर पाण्याचे दोन पेले जास्त. फरक कळायला दोन-तीन आठवडे द्यावेत. रोजच झालं पाहिजे असा हट्ट नको. जोर लावावा लागत नाही, मळ खड्यांसारखा येत नाही आणि उठल्यावर काही उरल्यासारखं वाटत नाही, एवढं झालं म्हणजे जमलं. चाळीत सामायिक संडासाच्या रांगेमुळे कळ दाबण्याची सवय लागलेली असते. ती मोडल्याशिवाय भाजीचाही पुरता उपयोग होत नाही, म्हणून रांग कमी असेल ती वेळ धरून रोज तेव्हाच जावं.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, थायरॉइडचा मंदपणा यांनीही पोट अडतं, तेव्हा आधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण मनाने वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या किंवा मिल्क ऑफ मॅग्नेशिया स्वतःहून अजिबात घेऊ नये. त्यांच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. बियांबद्दलही त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन उतरणं, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेलं बद्धकोष्ठ, किंवा पोट फुगून उलट्या होणं आणि वाराही न सरणं, यांपैकी काहीही दिसलं तर भोपळ्याच्या बिया बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जावं. पोट फुगून वारा सरत नसेल, तर त्याच दिवशी.