सिगारेट बंद झाली, झटके किती कमी झाले?

10 जानेवारी 2005 पासून इटलीत हॉटेलं, बार, कचेऱ्या अशा बंदिस्त सार्वजनिक जागांत सिगारेट ओढायला बंदी झाली. त्यानंतर हृदयविकाराचे रुग्ण कमी झाले का? बंदीपूर्वीची मासिक सरासरी आणि नंतरची सरासरी ताडून पाहिली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण इथेच फसगत होते.

समजा, एका प्रांतात अशा रुग्णांची भरती दर महिन्याला चारने वाढते आहे. तीन वर्षांत ती 800 वरून 940 वर गेली, सरासरी 870. बंदीनंतर पुढचे 23 महिने ती अपेक्षेपेक्षा 11 टक्के कमी राहिली, तरी या काळाची सरासरी साधारण 879 येते. म्हणजे रुग्ण वाढलेच! वाढ आधीपासूनच चालू होती, हे सरासरीला दिसत नाही.

खंडित कालमालिका विश्लेषणात म्हणून तुलना बदलतात. बंदीपूर्वीच्या महिन्यांवरून कल काढायचा, बंदी आलीच नसती तर तो कुठे गेला असता ते पुढे रेखाटायचं आणि प्रत्यक्ष आकडे त्या रेषेपासून किती खाली आहेत ते मोजायचं. सिसिलीत 2002 ते 2006 या काळातल्या सत्तरीच्या आतल्या रुग्णांवर हे करून पाहिलं, तेव्हा सुमारे 11 टक्क्यांची घट निघाली. हिवाळ्यात झटके जास्त येतात आणि बंदी तर ऐन जानेवारीत लागू झालेली, म्हणून ऋतूंचा चढउतार वेगळा काढावा लागतो. लोकसंख्याही हिशेबात धरावी लागते.

खरी मेख मात्र कलाच्या रेषेत आहे. टस्कनीत याच कायद्याचा अभ्यास झाला. कल सरळ रेषेत जातो असं मानलं तर घट दिसली. रेषेला वळायची मुभा दिली आणि घट नाहीशी झाली. आकडे तेच, गृहीतक तेवढं बदललेलं. त्याच सुमारास ट्रोपोनिन या रक्तचाचणीमुळे पूर्वी निसटणारे सौम्य झटकेही नोंदले जाऊ लागले होते. अशा वेळी आधीचा चढ आजाराचा किती आणि तपासणीचा किती, हे नुसत्या आलेखावरून ओळखता येत नाही.

यावर एक उपाय आहे: धोरणाचा परिणाम व्हायला नको अशा एखाद्या आजाराच्या भरतीचे आकडे शेजारी ठेवायचे. तेही त्याच महिन्यात घसरले असतील, तर कारण दुसरंच काही असणार.

इटलीच्या जवळजवळ सगळ्या प्रदेशांचे आकडे एकत्र करून पुढे अभ्यास झाला. त्यात सत्तरीच्या आतल्यांत घट उरली ती साधारण 4 टक्के. सत्तरीपुढच्यांत ती दिसलीच नाही. माझ्या मते सिसिलीच्या 11 पेक्षा हा 4 चा आकडा अधिक भरवशाचा आहे.