छताआड आधी मान उताराचा

फॉल्स सिलिंगच्या वरच्या पोकळीत पहिली जागा सांडपाण्याच्या पाइपची. एसीचा डक्ट चपटा करता येतो, दाबाच्या पाण्याचा पाइप वळवता येतो, केबल तर कुठूनही नेता येते. सांडपाणी मात्र फक्त उतारानेच वाहतं.

समजा, रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये बीमखाली 600 मिमी मोकळी जागा आहे. शौचालयाचा 110 मिमीचा पाइप 12 मीटरवरच्या शाफ्टपर्यंत न्यायचाय. 60 मीटरला 1 मीटर या उताराने तो शेवटी 200 मिमी खाली येतो, म्हणजे एकूण 310 मिमी अडले. इन्सुलेशनसकट 350 मिमीचा डक्ट तिथे त्याच्याखालून जाऊच शकत नाही.

तोच डक्ट तिसऱ्या मीटरला नेला, तर पाइप अवघा 50 मिमी उतरलेला असतो आणि 90 मिमी उरतात. ते हँगर आणि जोडकामासाठी लागतातच. व्हॉल्व्हखाली हात शिरेल एवढी जागा वेगळी धरावी लागते.

हे कागदावर सोडवलं नाही, तर साइटवर प्लंबर डक्ट चुकवायला पाइप उचलतो. मग तिथे मैला साचून पाइप वारंवार तुंबतो. म्हणून सिलिंग बंद करण्याआधी प्रत्येक हँगरपाशी स्पिरिट लेव्हलने उतार तपासून घ्यावा.