पंचेचाळीस अंशांतला फ्रिज

एप्रिल सरत आला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना एकाच तक्रारीसाठी बोलावणी येऊ लागतात. दूध फाटतं, पाणी गार होत नाही, मशीन मात्र दिवसभर चालू. अनेकदा निदानही ठरलेलं असतं: गॅस संपला. पैसे जातात, गॅस भरला जातो आणि चार दिवसांनी दूध पुन्हा फाटतं. कारण फ्रिज जिथला तिथेच उभा असतो, पश्चिमेकडच्या गॅलरीत किंवा तापलेल्या भिंतीला टेकून.

फ्रिज गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेरच्या हवेत टाकतो. जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळ्या तारांची जाळी दिसायची, ती हेच काम करत असे. आता बऱ्याच मॉडेलमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याखाली दडवलेली असते, म्हणून फ्रिजच्या कडा हाताला गरम लागतात. उष्णता बाहेर जायची तर नळीतला गॅस भोवतालच्या हवेपेक्षा दहाएक अंशांनी तरी जास्त तापलेला असावा लागतो. हवा 34 अंशांवर असेल तर 45 पुरतात. हवाच 45 अंशांवर गेली की गॅस 55च्या पुढे न्यावा लागतो. कॉम्प्रेसरला जास्त दाब द्यावा लागतो, वीज जास्त लागते आणि दर फेरीत उचलली जाणारी उष्णता मात्र कमी होते.

दुसरीकडून फ्रिजच्या भिंतींतून आत शिरणारी उष्णताही वाढलेली असते. ती आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही गोष्टी एकत्र धरून नागपूरच्या एका साध्या सिंगल-डोअर फ्रिजचा अंदाजी हिशेब मांडता येतो. स्वयंपाकघरात आतल्या भिंतीशी हवा 34 अंश आणि फ्रिजच्या आत 4 अंश, म्हणजे फरक 30 अंशांचा. अशा वेळी कॉम्प्रेसर दिवसातले 14 तास चालतो असं धरू. तोच फ्रिज गॅलरीत नेला आणि त्याच्या भोवतीची हवा 49 अंशांवर गेली, तर फरक 45 अंशांचा होतो. आत येणारी उष्णता दीडपट झाली, म्हणजे 14 तासांचं काम 21 तासांवर गेलं. त्यात कॉम्प्रेसरची क्षमता पाचव्या हिश्श्याने घटली, तर लागतात 26 तास. दिवसात आहेत 24. अशा फ्रिजचं बटण कितीही पुढे सरकवलं तरी फरक पडत नाही, कारण बटण फक्त कॉम्प्रेसर कधी थांबवायचा ते ठरवतं आणि इथे तो थांबतच नाही.

49 अंश हा आकडा कुणाला फुगवलेला वाटेल. पण वेधशाळा तापमान मोजते ते सावलीत, जाळीदार पांढऱ्या पेटीत, मोकळ्या हवेत. वर्तमानपत्रातले 45 अंश हे असे सावलीतले असतात. तीन बाजूंनी बंद, पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या गॅलरीत हवा त्याहून तापते. फ्रिजच्या गडद रंगाच्या पत्र्यावर थेट ऊन पडलं तर तो पत्रा सहज 60 अंशांवर जातो.

भिंतीचा प्रकार याहून फसवा आहे. नऊ इंची विटांची पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन खाते, पण ती उष्णता आतल्या अंगाला पोचायला पाच-सात तास लागतात. त्यामुळे भिंत आतून सर्वांत गरम असते ती रात्री, बाहेर जरा वारा सुटला असताना. तिला टेकलेल्या फ्रिजला रात्रीचा आरामही मिळत नाही. झोपण्यापूर्वी फ्रिजमागच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. चटका बसावा इतकी ती गरम असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

प्रत्येक फ्रिज कोणत्या हवेसाठी बांधलाय हे कंपनीने त्याच्यावरच लिहिलेलं असतं. भाजीच्या कप्प्याजवळ आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे एक छोटी पट्टी असते, तिच्यावर ‘क्लायमेट क्लास’ दिलेला असतो. ‘एन’ म्हणजे 16 ते 32 अंश, ‘एसटी’ म्हणजे 38 पर्यंत, ‘टी’ म्हणजे 43 पर्यंत. ‘एसएन’ 10 अंशांपासून सुरू होतो, पण वर 32लाच थांबतो. हे अंश फ्रिजभोवतीच्या हवेचे. म्हणजे या चौघांतल्या सर्वांत दणकट वर्गाची मर्यादाही विदर्भातल्या मे महिन्याच्या खाली आहे. 44व्या अंशाला फ्रिज बंद पडतो असं नाही. आत ठरलेला गारवा राहील ही हमी संपते. खालची मर्यादाही खरी आहे. थंडीत उघड्या गॅलरीत पारा 10च्या खाली गेला की खालचा कप्पा आपोआप गार राहतो, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर सुरूच करत नाही आणि वरचा बर्फ सुटायला लागतो.

आता खरा बिघाड आणि उन्हाचा त्रास वेगळा कसा ओळखायचा? गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सीलबंद नळ्यांतून तोच फिरत राहतो, आणि तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. तेव्हा कॉम्प्रेसर चालू असूनही बाजूचे पत्रे फारसे तापत नाहीत आणि फ्रीजरच्या एखाद्याच कोपऱ्यात बर्फ धरतो. उन्हाने दमलेल्या फ्रिजचे पत्रे मात्र हात ठेववत नाही इतके तापतात, फ्रीजरमध्ये सगळीकडे बर्फ असतो आणि खालचा कप्पा तेवढा कोमट राहतो. कधी ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. अतितापापासून वाचवणारा ओव्हरलोड ट्रिप होतो, त्याची ही खूण. कमी व्होल्टेजनेही असंच होतं, म्हणून तेही तपासून घ्यावं.

खात्रीसाठी एक साधा थर्मामीटर पुरतो. ग्लासभर पाण्यात तो बुडवून मधल्या फळीवर ठेवायचा आणि आकडा पहाटे, मग संध्याकाळी पाहायचा. पहाटे 5 आणि संध्याकाळी 12 आला, तर मशीन धड आहे, जागा चुकली आहे. दोन्ही वेळा 12च आला, तर मेकॅनिकला बोलवावं. दूध आणि शिजवलेलं अन्न 5 अंशांच्या आत राहायला हवं. संध्याकाळचा 12 हा आकडा केवळ गैरसोयीचा नाही, पोट बिघडवणारा आहे.

जागा बदलणं हाच खरा उपाय. फ्रिज उन्हाच्या भिंतीवरून आतल्या भिंतीशी आणायचा, मागे आणि दोन्ही बाजूंना चारेक इंच मोकळं सोडायचं, वर त्याहून जास्त. बाजूंवर लोंबणारं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकायचं, कारण त्याच पत्र्यातून उष्णता बाहेर पडायची असते. कूलरच्या खोलीत फ्रिज बरा चालतो, मात्र दमट हवेने रबराच्या कडेला पाणी सुटतं आणि बर्फ लवकर साचतो, तो वेळेवर काढावा लागतो. घरात जागाच नसेल तर गॅलरीला हिरवी जाळी किंवा चटई बांधून फ्रिजवरचं ऊन तरी अडवावं आणि वारा खेळता ठेवावा. बाटल्या टाकीच्या 40 अंशांच्या पाण्याने संध्याकाळी भरण्याऐवजी माठातल्या पाण्याने पहाटे भराव्यात.

यंदा गॅस भरून घेण्याआधी फ्रिज दोन दिवस आतल्या भिंतीशी ठेवून पाहा, आणि ग्लासातला आकडा वाचूनच मेकॅनिकला फोन करा.