‘जरा एवढं करून टाका’ला उत्तर देताना

रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो : ‘मॅडम, वेबसाइट छान दिसतेय. आता त्यावरूनच मसाले विकता आले पाहिजेत. जरा एवढं करून टाका.’ पाठवणारा सांगलीकडचा मसाल्यांचा व्यापारी. वाचणारी पुण्यात एकटीने काम करणारी वेब डिझायनर. सहा पानांची साधी वेबसाइट करायची असं ठरलं होतं. आधी रंग बदलले, मग तीच पानं इंग्रजीतही हवी झाली आणि आता दुकान. हा प्रसंग कुणा एकीचा नाही. आकडे नमुन्याचे धरले, तरी या धंद्यातल्या कुणालाही तो अनोळखी वाटणार नाही. वेबसाइटच्या जागी फ्लॅटचं इंटिरियर किंवा लग्नाचा अल्बम ठेवला, तरी चित्र तेच.

तिने त्याच क्षणी लिहिलेलं उत्तर असं : ‘तुम्ही दर वेळी नवीन काहीतरी काढता. आधी नीट विचार करून सांगायला काय होतं? रंग बदलून बदलून झाले, मग इंग्रजी, आता दुकान. मी काही तुमची नोकर नाही. ४५ हजारांत एवढं सगळं कुणीही करून देणार नाही. उरलेले पैसे आल्याशिवाय मी आता एका अक्षराला हात लावणार नाही.’

हे लिहिण्यात काही चूक नाही, फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत लिहू नये. पाठवलेला मेसेज तिथे पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो, पण त्यावर ‘एडिटेड’ असं उमटतं. पुसून टाकला तरी पुसल्याची खूण मागे राहते. जीमेलमध्ये पाठवलेली मेल परत ओढायला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, आणि एवढ्यात राग उतरत नाही. म्हणून पहिला मसुदा फोनच्या नोट्समध्ये किंवा सरळ कागदावर लिहावा, जिथे ‘पाठवा’चं बटणच नसतं.

सकाळी हा मसुदा फेकायचा नाही, चाळायचा. संतापलेल्या माणसाला नेमकं काय खुपतंय ते पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्यात कामाचा ऐवजही असतो. वरच्या उत्तरात रंग, इंग्रजी पानं, दुकान आणि ४५ हजार या चार गोष्टी तपासता येतात. तेवढ्या ठेवायच्या. ‘आधी नीट विचार केला नाही’ हा समोरच्याच्या मनाबद्दलचा अंदाज आहे आणि तो बहुधा चुकीचाही असेल. समोर वेबसाइट दिसू लागली तेव्हाच त्याला दुकान सुचलं असणार. ‘कुणीही करून देणार नाही’ हे तर त्याने दोन फोन केले की खोटं ठरू शकतं.

सगळ्यात धोक्याचं वाक्य शेवटचं आहे. उरलेली अर्धी रक्कम काम पूर्ण झाल्यावर द्यायची असं तिनेच कोटेशनमध्ये लिहिलं होतं. म्हणजे पैसे आल्याशिवाय काम थांबवण्याची धमकी दिली की करार मोडण्याच्या बाजूला तीच जाऊन उभी राहते. इतका वेळ चूक व्यापाऱ्याच्या पदरात होती, ती एका वाक्याने तिच्या पदरात आली असती.

यानंतर मूळ कोटेशन उघडायचं. आठवणीवर विसंबून लिहिलेलं उत्तर इथेच घसरतं. ३ जूनच्या मेलमध्ये असं होतं : मराठीतली सहा पानं, डिझाइन पसंत झाल्यानंतर दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, ४५,००० रुपये, त्यातले अर्धे आगाऊ, काम पूर्ण ८ जुलैला. व्यापाऱ्याच्या उत्तरात ‘ओके, चालू करा’ एवढंच होतं, पण ते पुरेसं आहे. मेलवर झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून निरर्थक ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

आता तीन मागण्या या मेलशेजारी ठेवून पाहिल्या की रागात एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या होतात. रंगांचा बदल ही दुरुस्तीच आहे, पण दोन फेऱ्या २१ जूनला संपल्यानंतर आलेली. तिला तिचे पाच तास गेले. इंग्रजी पानं हे नवं काम, साधारण चौदा तासांचं. दुकान म्हणजे मालाची यादी, टोपली, पैसे घेण्याची सोय आणि चाचणी असे पस्तीस तास. ती तासाला ६०० रुपये लावते. म्हणजे अनुक्रमे ३,०००, ८,४०० आणि २१,००० रुपये. ‘दर वेळी नवीन काहीतरी’ या तक्रारीवर समोरचा भांडू शकतो. तासांच्या हिशोबावर त्याला हो, नाही किंवा कमी करा, एवढंच म्हणता येतं.

मग गेलेला मेसेज असा :

‘नमस्कार सर. काल रात्रीचा मेसेज वाचला. वेबसाइटवरून मसाले विकायची कल्पना चांगली आहे आणि ते करता येईल. मात्र ते आपल्या ठरलेल्या कामात नाही, म्हणून पुढे जाण्याआधी हिशोब एकदा जुळवून घेऊ.

३ जूनच्या मेलप्रमाणे मराठीतली सहा पानं, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या आणि ४५,००० रुपये असं ठरलं होतं. दोन्ही फेऱ्या २१ जूनला पूर्ण झाल्या. २४ तारखेचा रंगांचा बदल ही तिसरी फेरी. तिचे ३,००० रुपये होतात, ते या वेळी लावत नाही. यापुढच्या प्रत्येक फेरीला लागतील.

इंग्रजी पानं (८,४०० रुपये) आणि ऑनलाइन विक्री (२१,००० रुपये) ही नवी कामं आहेत. आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला : ठरलेली वेबसाइट ८ जुलैला सुरू करू आणि ही दोन्ही कामं त्यानंतर स्वतंत्र घेऊ. दुसरा : सगळं एकत्र करू, एकूण ७४,४०० रुपये, काम पूर्ण २९ जुलैला, वाढीव रकमेतले १४,७०० आगाऊ. विक्रीची घाई नसेल, तर फोटोंच्या पानाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देण्याचं बटण घालता येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कोणता मार्ग हवा ते २ जुलैपर्यंत कळवा. तोवर मूळ सहा पानांचं काम चालू ठेवते. नव्या कामांना तुमचा लेखी होकार आल्यावर हात लावेन.’

यात ‘नाही’ एकदाही तोडून म्हटलेलं नाही, पण फुकट काहीच कबूल केलेलं नाही. रंगांचे पैसे तिने सोडले, मात्र आकडा लिहून सोडले. न बोलता केलेलं जास्तीचं काम कुणाच्या लक्षात राहत नाही. उलट पुढच्या वेळचा तोच पायंडा ठरतो. फोटोंच्या पानाची अदलाबदल तर पट्टीचे लोक नेहमी वापरतात. समोरच्याला पुष्कळदा अख्खं दुकान नको असतं, गिऱ्हाइकाने ऑर्डर द्यावी एवढंच हवं असतं. आणि शेवटी तारीख आहे. तारीख नसेल तर ‘बघू, सांगतो’ म्हणत आठवडा जातो आणि ८ जुलै उलटल्याचं खापर डिझायनरवर फुटतं.

काय वगळलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘गैरसमज नसावा’ किंवा ‘राग मानू नका’ अशी सुरुवात आपल्याकडे सर्रास होते, पण ती वाचून माणूस आधीच सावध होतो आणि राग मानण्यासारखं काय आहे ते शोधू लागतो. घरचं आजारपण, इतर कामांचा ताण ही कारणंही नाहीत. कारण दिलं की ते संपेपर्यंत थांबायची तयारी समोरचा दाखवतो. माफी नाही, कारण माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही.

सभ्य शब्दांच्या आडून राग डोकावतो, तो ओळखायला मात्र शिकावं लागतं. ‘पुन्हा एकदा स्पष्ट करते’, ‘माझी आधीची मेल आपण वाचली असेलच’ अशी वाक्यं वरून गुळगुळीत आणि आतून टोचणारी असतात. परीक्षा सोपी आहे : ते वाक्य काढलं तर समोरच्याला मिळणारी माहिती कमी होते का? होत नसेल, तर ते टोमण्यासाठीच आलेलं आहे.

बहुतेकदा अशा मेसेजला मेसेजने उत्तर येत नाही, फोन येतो. ‘अहो मॅडम, एवढं काय मनावर घेता, बघून घेऊ ना!’ फोन जरूर घ्यावा, आवाजाने बरंच काही निवळतं. पण ठेवल्यावर दहा मिनिटांत दोन ओळी लिहून पाठवाव्यात : ‘आत्ता बोलल्याप्रमाणे पहिला मार्ग नक्की. वेबसाइट ८ जुलैला, इंग्रजी पानांचं नंतर ठरवू. बरोबर ना?’ त्यावर ‘हो’ आलं की झालं.

हे सगळं कोटेशनमध्ये दोन फेऱ्या लिहिल्या होत्या म्हणून जमलं. तिथे नुसतं ‘आवश्यक ते बदल’ असं असतं, तर रंगांचे पैसे मागायला तिच्याकडे आधार नव्हता. अशा वेळी मागचं उकरण्यात अर्थ नाही. ‘आतापर्यंतचे बदल ठरलेल्या रकमेत धरते, यापुढच्या बदलांचा अंदाज आधी देईन’ असं लिहून तिथे रेघ ओढावी.

कायद्याचं बळही या रेघेमागे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६२ नुसार करारात बदल करायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. व्यापाऱ्याला एकतर्फी काम वाढवता येत नाही, तसे डिझायनरलाही काम झाल्यावर एकतर्फी पैसे वाढवता येत नाहीत. त्याच कायद्याचं कलम ७० म्हणतं की, फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. पण इरादा फुकट करण्याचा नव्हता हे दाखवणार कसं? चार वेळा ‘ओके सर, करते’ लिहिल्यावर ते जड जातं. कलमांचे आकडे मात्र पहिल्या मेसेजात आणू नयेत. कायद्याचं नाव काढलं की समोरचा वकिलाला विचारायला जातो आणि वेबसाइट बाजूलाच राहते.

२ जुलै उलटूनही उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज एका ओळीचा असावा : ‘उत्तर न आल्याने पहिल्या मार्गाने पुढे जात आहे, ठरलेली वेबसाइट ८ जुलैला देते.’ आणि ती खरोखरच ८ जुलैला द्यावी. पुढच्या गिऱ्हाइकाच्या कोटेशनमध्ये दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती आणि त्यापुढे तासाचा दर किती, या दोन ओळी पहिल्याच पानावर घाला. त्या लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.